धागा: फिल्टर चकचकीत, तरी चिमणीतून तेल टपकतंय. आगीची भीती कधी बाळगायची?

सुनीता_लातूर
नमस्कार मंडळी. किचनच्या चिमणीबद्दल विचारायचं आहे. आमच्याकडे बॅफल फिल्टरवाली चिमणी आहे, डक्ट बाहेर काढलेला, पाचेक वर्षं झाली असतील. फिल्टर मी नेमाने धुते. तरी मार्च सरून ऊन तापायला लागलं की फिल्टरच्या मागच्या कडेहून पिवळे चिकट थेंब गळायला लागतात. कधी ओट्यावर, कधी थेट शेगडीवर. हिवाळ्यात मात्र एक थेंब नाही. परवा भजी तळताना एक थेंब बर्नरवर पडला आणि भस्सकन जाळ उठला. तेव्हापासून सासूबाई चिमणी लावूच देत नाहीत.

सर्व्हिसवाला येऊन गेला. बाहेरून फवारा मारला, फडक्याने पुसलं, पैसे घेतले आणि "आता ऑटोक्लीनवालीच घ्या" म्हणाला. माझे प्रश्न दोनच. फिल्टर स्वच्छ असताना हे तेल येतं कुठून? आणि हे साचलेलं तेल खरंच पेटू शकतं का?

गजानन_परभणी
ताई, उगं घाबरू नका. कॉस्टिक सोडा आणा, बादलीभर गरम पाण्यात दोन मुठी टाका, फिल्टर बुडवा. दहा मिनिटांत तेल साबणासारखं सुटतंय. मी हेच करायलोय. आणि तेल काय असं पेटत नसतंय. त्याला साडेतीनशे डिग्रीच्या पुढं तापावं लागतंय. चिमणीपर्यंत तेवढी धग जातच नाही. सर्व्हिसवाले भीती घालून पैसे उकळायलेत, दुसरं काय.

मंजिरी_जालना
बरं झालं धागा निघाला. मला पण चिमणी घ्यायची आहे, ९० सेंमीची की ६०? ओटा लहान आहे. काळ्या काचेची कशी वाटते?

डक्टवाला_संभाजीनगर
मंजिरीताई, शेगडी तीन बर्नरची असेल तर ९०, दोन बर्नरची असेल तर ६० पुरते. काचेच्या रंगाचं तुम्ही ठरवा.

सुनीताताई, मी हॉटेलांच्या आणि घरांच्या डक्टची कामं करतो. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. उन्हाळ्यात गळतं, हिवाळ्यात नाही, आणि गळतं ते मागच्या कडेहून. फिल्टरमधलं तेल असतं तर ते पुढच्या तेलाच्या वाटीत किंवा खालच्या पट्टीत आलं असतं. हे फिल्टरच्या वरून येतंय. थंडीत तेल वर थिजून बसतं, मे महिन्यात बेचाळीस डिग्री झाली की पातळ होऊन उतारानं खाली येतं.

चार गोष्टी बघून सांगा. एक, चिमणी फुल स्पीडवर लावून वर्तमानपत्राचं एक पान फिल्टरला चिकटवा. हात सोडल्यावर राहतं का? दोन, डक्ट किती लांब आहे, किती ठिकाणी वळलाय, मधे लोंबतो का? तीन, भिंतीतलं भोक किती इंचाचं? चार, मेन स्विच बंद करून फिल्टर काढा आणि टॉर्च लावून वर बघा. मोटरच्या घरट्याच्या तोंडाशी एक पातळ झडप असते, बाहेरची हवा उलटी आत येऊ नये म्हणून. ती बोटानं हलते का?

गजाननभाऊ, साडेतीनशेचा आकडा तुम्ही बरोबर सांगितला, पण तो जाळाशिवाय, नुसत्या उष्णतेनं पेट घेण्याचा आहे. जाळ लागला तर त्याच्या आधीच पेटतं. ताईंच्या बर्नरवर थेंब पडून भस्सकन झालं ते काय होतं? आणि कॉस्टिकचं उद्या सविस्तर लिहितो, ते तसंच सोडण्यासारखं नाही.

अण्णा_उदगीर
आमच्या काळी वर धुराडं होतं, ते वर्षातून एकदा बांबूला गोणपाट बांधून साफ करायचो. काजळी पडायची पण तेल नाही पडायचं. आता नुसती मशिनं आली आणि प्रश्न वाढले. बाकी चालू द्या, वाचतोय.

वैशाली_धाराशिव
सुनीता, हलक्यात घेऊ नको. आमच्या शेजारी झालेलं सांगते. त्यांच्याकडे जाळीची चिमणी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक जाळीचे थर असतात ती. भरताची वांगी भाजायला ठेवली होती, मोठ्या बर्नरवर, चिमणी फुल. वांग्याला तेल लावलेलं. वांगी जळून तेल पेटलं, ज्वाळा उंच झाल्या आणि चिमणीनं त्या वर ओढून घेतल्या. जाळीच्या थरांत महिनोन्‌महिन्यांचं तेल. ती पेटली. काकूंना वाटलं धूर जाऊ दे म्हणून चिमणी चालूच ठेवली, तर आतून फडफड आवाज यायला लागला. मुलानं येऊन आधी मेन स्विच पाडला, मग गॅस बंद केला. जाळी जळून आपोआप विझली, पण वरचा पातळ ॲल्युमिनियमचा पाइप काळा पडून दोन ठिकाणी फाटला होता. त्याला लागूनच फॉल्स सीलिंगचं प्लायवूड. नशीब, ते पेटलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे वांगी मागच्या अंगणात, चुलीवर. चवही बरी लागते म्हणा.

डक्टवाला_संभाजीनगर
वैशालीताईंनी लिहिलं तीच घरगुती चिमणीच्या आगीची नेहमीची वाट आहे. जरा उलगडून सांगतो, म्हणजे सुनीताताईंना भीती कुठे बाळगायची आणि कुठे नाही ते कळेल.

पत्र्यावर तेलाचा पातळ थर असेल आणि त्याला क्षणभर जाळ लागला, तर सहसा तो टिकून जळत नाही. पत्रा उष्णता ओढून घेतो, आग विझते. थर जाड झाला, त्यात धूळ, पिठाचा भुगा, काजळी मिसळली की गणित बदलतं. दिव्याच्या वातीला जसं तेल मिळत राहतं तसं त्या भुग्यातून जाळाला तेल मिळत राहतं. वरून पंखा हवा ओढतोय, म्हणजे भाता चालू. म्हणून वैशालीताईंकडच्या मुलानं आधी मेन स्विच पाडला ते अगदी योग्य केलं.

दुसरं, आग लागते फिल्टरवर, पण नुकसान होतं फिल्टरच्या पलीकडे. फिल्टरपर्यंत तुमचा हात पोचतो. डक्टमध्ये, फॉल्स सीलिंगच्या आत, काही पोचत नाही. तिथला थर पेटला तर बाहेरून नुसता वास आणि भिंतीतली ऊब जाणवते.

आमच्याकडे मराठवाड्यात तेलाचीही एक गोष्ट आहे. करडईचं तेल, आणि थोडंफार सोयाबीनचं, हवेत उघडं राहिलं की हळूहळू वार्निशसारखं घट्ट होतं. करडईचं तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. म्हणून ज्या घरात करडईची फोडणी असते तिथली चिमणी आधी चिकट होते आणि मग पिवळ्या, कडक पापुद्र्यासारखी. तो पापुद्रा साध्या साबणाला दाद देत नाही, म्हणून लोक कॉस्टिककडे वळतात. शेंगदाण्याच्या तेलाचा थर जास्त काळ मऊ राहतो, पण तो उन्हाळ्यात गळतो. ताई, तुमच्याकडे कोणतं तेल?

आता कॉस्टिक. बॅफल फिल्टर बहुधा स्टीलचे असतात, जाळीचे फिल्टर बहुधा ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, पाणी उकळल्यासारखं फसफसतं. तो निघणारा वायू हायड्रोजन, तो पेटणारा आहे. बंद बाथरूममध्ये हे करणं म्हणजे संकट अंगावर ओढून घेणं. जाळी काळी पडते, पातळ होते, दोन-तीन धुण्यांत भोकं मोठी होतात, मग तेल अडवणारं काही राहतच नाही, सगळं मोटरवर. डोळ्यात शिंतोडा गेला तर दृष्टीला धोका. गजाननभाऊ, तुमचे फिल्टर स्टीलचे असतील म्हणून आजवर निभावलं.

गजानन_परभणी
बरं बुवा, ऐकलं. पण ॲल्युमिनियम की स्टील हे घरच्या माणसानं ओळखायचं कसं? मी लोहचुंबक लावून बघतो. चिकटलं नाही की ॲल्युमिनियम.

डक्टवाला_संभाजीनगर
चिकटलं तर नक्की स्टील, इथपर्यंत बरोबर. पण चिकटलं नाही म्हणून ॲल्युमिनियम, असं नाही. चांगल्या प्रतीच्या स्टीलला पण चुंबक धरत नाही. सोपी चाचणी म्हणजे धुण्याच्या सोड्याचं दाट पाणी एका कोपऱ्याला लावून पाच मिनिटं ठेवा. बुडबुडे येऊन काळपट डाग पडला तर ॲल्युमिनियम. हातात घेऊन वजनावरूनही कळतं.

ॲल्युमिनियमसाठी भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी, एवढंच. स्टीलसाठी त्यात धुण्याचा सोडा चालतो. पाच-सहा लिटर पाणी, हात घातल्यावर चटका बसेल इतकं कडक पण उकळतं नाही, त्यात दोन चमचे लिक्विड, अर्धी वाटी सोडा. अर्धा तास बुडवून मऊ ब्रशनं फटी घासा. तारेची घासणी नको, ओरखड्यांत पुढचं तेल लवकर धरतं. आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ओले फिल्टर बसवून लगेच चालू केले की पाणी थेट मोटरकडे ओढलं जातं.

सुनीता_लातूर
चारही गोष्टी बघितल्या.

कागद चिकटत नाही. धरून ठेवला तर थरथरतो, सोडला की पडतो. डक्ट साधारण बारा फूट, फॉल्स सीलिंगमधून मागच्या युटिलिटीत निघतो. दोन वळणं तर नक्की, तिसरं सीलिंगच्या आत आहे, दिसत नाही. मधे लोंबतो की नाही कळत नाही. भिंतीतलं भोक यजमानांनी टेप लावून मोजलं, चार इंच. चिमणीचं तोंड मात्र सहा इंचाचं आहे. आणि झडप अर्धी उघडी अडकली आहे, हलतच नाही. टॉर्चच्या उजेडात ती मधासारखी चमकत होती.

तेल करडईचंच. सासऱ्यांच्या शेतातली करडई गावच्या घाण्यावरून काढून येते, दुसरं घरात चालत नाही.

एक अडचण पाण्याची. आमच्याकडे बोअरचं पाणी, मचूळ. लिक्विडला फेसच येत नाही आणि फिल्टर वाळले की पांढरे डाग. आरओचं वाया जाणारं पाणी वापरू का? तेवढंच पाणी वाचेल, टँकरचे दिवस आहेत.

अण्णा_उदगीर
आरओच्या पाण्यानं भांडी धुवायची असतात. आम्ही तेच करायलो. फुकट जाऊ देऊ नका.

डक्टवाला_संभाजीनगर
अण्णा, पाणी वाया जाऊ द्यायचं नाही हे खरं, पण आरओतून बाहेर पडणारं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त जड असतं. आतले क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. फरशी पुसायला ठीक. फिल्टर शेवटी धुवायला ते नको, पांढरे डाग वाढतील. ताई, आधी वर्तमानपत्रानं आणि लाकडी चमच्यानं जमेल तितकं तेल खरवडून काढा, मग पाणी निम्मं लागतं. शेवटचं खंगाळणं नळाच्या साध्या पाण्यानं. पांढरे डाग पडलेच तर लिंबाच्या फोडीनं पुसा, पण हे फक्त स्टीलला.

खरवडलेले तेलकट कागद मात्र गोळा करून ओट्याखाली ठेवू नका. करडईचं तेल हवेत घट्ट होताना आतून गरम होतं. ढीग दाबून बंद पिशवीत, उन्हात किंवा गरम जागी राहिला तर कोंडलेली उष्णता वाढत जाते. पाण्यात भिजवून त्याच दिवशी घराबाहेर टाका.

आता तुमच्या केसवर. मला चित्र स्पष्ट दिसतंय. तोंड सहा इंच आणि भोक चार इंच, म्हणजे हवेला जायची जागा निम्म्याहून कमी झाली. सहा सहा छत्तीस, चार चार सोळा. म्हणून फिल्टर स्वच्छ असूनही कागद चिकटत नाही. वाफ बाहेर न पडता डक्टमध्येच घुटमळते, पत्रा तिला थंड करतो, तेल आतच बसतं. त्यात बारा फुटांचा लवचीक पाइप. असा पाइप ताणून बसवला नाही तर सीलिंगच्या आत नक्की झोळीसारखा लोंबतो, त्या झोळीत तेल साचतं. बसवणाऱ्यानं पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला न देता चिमणीच्या बाजूला दिला असेल तर उन्हाळ्यात तेल उलटं घरात येणारच. त्या तेलानं झडप चिकटली, आणि बाकीचं मागच्या कडेहून शेगडीवर.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तेल डक्टमधलं. फिल्टर कितीही धुतले तरी थांबणार नाही. आणि दुसऱ्याचं: हो, तुमच्या केसमध्ये आता घाबरावं असंच आहे. कारण जाळावर तेल गळतंय आणि ज्या जागेतून गळतंय तिथे तुम्ही विझवायला पोचू शकत नाही. डक्ट होईपर्यंत तळण आणि भाजणं त्या शेगडीवर नको, आणि चिमणी बंदच ठेवा. सासूबाईंचं बरोबर आहे.

सासूबाईंची_सून_बीड
हे शेवटचं वाक्य मी प्रिंट काढून लावणार नाही एवढं नक्की 😄

रोहन_नांदेड_पुणे
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारतो. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये चिमणी आहे, डक्टच नाही. आत काळा चौकोनी फिल्टर आहे, तो मी धुतला, तर सगळीकडे काळं पाणी झालं आणि आता वास जास्त येतोय. सोडा घालून परत धुवू का?

डक्टवाला_संभाजीनगर
नको. तो कोळशाचा फिल्टर. वास शोषायचं काम करतो, बहुतेकांत धुवायची सोय नसते, बदलायचाच असतो. तुमच्या चिमणीत हवा घरातच परत येते, म्हणून समोरची तेल अडवणारी जाळी आठवड्याला बघा. घरमालकाला नवा कोळसा-फिल्टर मागा.

गजानन_परभणी
मी सुनीताताईंच्या बाजूनं एक सुचवतो. लवचीक पाइप काढून पीव्हीसी टाका. आतून गुळगुळीत, तेल धरतच नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांनी पीव्हीसीच टाकलाय.

डक्टवाला_संभाजीनगर
गुळगुळीत असतो, खरं आहे. तेल कमी धरतो हेही खरं. पण ऐंशी डिग्रीच्या आसपास तो मऊ पडायला लागतो आणि आग लागली तर जळून घाण धूर सोडतो. मी स्वतः जीआय पत्र्याचा किंवा कडक ॲल्युमिनियमचा पाइप लावतो. लवचीक पाइप फक्त पहिल्या फूट-दोन फुटांत, जोडायला. हे माझं मत. बसवणारे बरेच जण पीव्हीसी लावतात आणि वर्षानुवर्षं काही होत नाही, तेही मी पाहिलंय.

वैशाली_धाराशिव
"काही होत नाही" हे आमच्या शेजारी पण आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होते.

गजानन_परभणी
मग सगळ्या अपार्टमेंटनं पाइप काढायचे का? कुणाला परवडतंय ते. ज्याच्या घरी तळण कमी, त्याला पीव्हीसी पुरतंय असं माझं म्हणणं.

डक्टवाला_संभाजीनगर
तळण कमी आणि फिल्टर वेळच्या वेळी धुतले जात असतील तर मी भांडणार नाही.

सुनीताताई, डक्ट काढताना कसं करायचं ते लिहितो, कारीगर आला तरी तुम्हाला कळावं म्हणून. नुसतं चिमणीचं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. शेगडी उचलून बाजूला, ओट्यावर जुनी साडी किंवा कागद. पाइपाची पट्टी सैल करण्याआधी खाली मोठी प्लास्टिकची पिशवी धरा. तुमच्यासारख्या केसमध्ये तेल धो-धो येतं, आणि फॉल्स सीलिंगमध्ये सांडलं तर तो नवा साठा झाला. लवचीक पाइप धुवू नका, खाचांत ब्रश जात नाही आणि धुताना फाटतो. टाकून द्या. झडप आणि पत्र्याचं तोंड लाकडी पट्टीनं खरवडा, मग गरम साबण-पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा. वरती फवारा मारायचा नाही, मोटर तिथेच आहे. थिनर, पेट्रोल, टर्पेंटाइन तर अजिबात नाही. त्यांची वाफ त्या खोक्यात कोंडते आणि पुढच्या वेळी बटण दाबलं की ठिणगी तिथेच. फवारा मारून गेलेल्या माणसानं काय वापरलं होतं, वास आला होता का?

सुनीता_लातूर
उग्र वास आला होता, रंगाच्या दुकानासारखा. दिवसभर घरात राहिला. त्या दिवशी नशिबानं लाइट गेलेली होती.

डक्टवाला_संभाजीनगर
मग लाइट गेली हेच चांगलं झालं. त्याला परत बोलावू नका.

अण्णा_उदगीर
मला एक सांगा, किती साचलं म्हणजे धोका? रोज बघत बसायचं का? काहीतरी माप पाहिजे.

डक्टवाला_संभाजीनगर
घरासाठी ठरलेलं माप मला माहीत नाही. हॉटेलांच्या डक्टसाठी इंग्लंडमध्ये एक मानक वापरतात, त्यात डक्टच्या आत सरासरी २०० मायक्रॉन थर झाला की साफ करायचं. २०० मायक्रॉन म्हणजे साध्या कागदाची दोन पानं एकावर एक ठेवल्याएवढी जाडी. हॉटेलात दिवसभर तळण चालतं, घरात तसं नाही. पण अंदाजाला मी तेच धरतो. फिल्टर काढून आतल्या पत्र्यावर लाकडी चमच्यानं ओरखडा काढायचा. पिवळी गुंडाळी निघाली, म्हणजे नुसता ठसा न उमटता तेल गोळा होऊन चमच्यावर आलं, की थर त्या मापापुढे गेला. मला ही चाचणी कागदाच्या चाचणीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. कागद चिकटला नाही तर अडथळा आहे एवढंच कळतं, कुठे ते नाही.

ऑटोक्लीनबद्दल पण लोक विचारतात. त्यात हीटर पंख्यावरचं तेल वितळवून खालच्या वाटीत आणतो. वाटी रिकामी करणं तुमच्याच हातात असतं. डक्टला त्याचा काही स्पर्श होत नाही. आणि वर्षभर बटण दाबलंच नाही, घट्ट पापुद्रा झाला, मग दाबलं तर तो वितळतो कमी आणि करपतो जास्त.

सासूबाईंची_सून_बीड
आमची ऑटोक्लीन आहे. वाटी असते हेच आज कळलं. बघून आले. भरून वर आलीये. पुढचं लिहीत नाही.

सुनीता_लातूर
काम झालं, म्हणून परत लिहिते. कारीगर इथलाच, पत्र्याची कामं करणारा मिळाला. सीलिंगचा एक तुकडा कापून पाइप काढला. बरोबर मधे लोंबत होता, आणि त्या झोळीत अर्धा पेला तरी तेल, काळपट, मधाएवढं दाट. पिशवी धरली होती म्हणून बरं, तरी कारीगराच्या शर्टाची वाट लागली. उतार खरंच चिमणीकडे होता. तिसरं वळणही निघालं, नळाच्या पाइपाला वळसा घालून.

आता सरळ रेषेत, सात-साडेसात फुटांत युटिलिटीच्या दुसऱ्या भिंतीतून काढलाय, पत्र्याचा पाइप, सगळीकडे सहा इंच. भोक कटिंग मशीननं मोठं करून घेतलं. झडप खरवडून मोकळी केली, आता टिचकी मारली की पडते. कागद चिकटतो, काढायला ओढावा लागतो. शेगडीपासून चिमणीची उंची मोजली तर ५५ सेंमी निघाली. ओढ कमी पडते म्हणून आधीच्या माणसानं खाली आणली होती. ती ७० वर नेली.

सासूबाईंनी स्वतः बटण लावून बघितलं आणि "आवाज लई कमी झाला" म्हणाल्या. एवढ्यावर येळवशीपर्यंत तरी विषय मिटेल.

एकच राहिलं. पंख्यावरचं तेल तसंच आहे. कारीगर म्हणाला तो हात लावणार नाही. मी उघडू का?

डक्टवाला_संभाजीनगर
५५ सेंमी ऐकून अंगावर काटा आला. कढईतला जाळ तेवढ्यावर सहज पोचतो. बरं झालं.

पंखा थरथरत नसेल, घुमल्यासारखा आवाज येत नसेल, तर उघडू नका. त्याच्या पात्यांवर तोल साधण्यासाठी छोट्या क्लिपा असतात, पुसताना एक निघाली तरी पुढे मोटर डगमगते. थरथर असेल तर कंपनीच्या माणसाकडून काढून घ्या, आणि काढलेला पंखा तुमच्यासमोर धुवायला सांगा.

वैशाली_धाराशिव
या धाग्यात एक भर घाला कुणीतरी. कढई पेटली तर काय करायचं? आमच्या काकूंना तर पाणीच सुचलं होतं.

डक्टवाला_संभाजीनगर
पाणी नाही. पेटलेल्या तेलात पाणी पडलं की क्षणात वाफ होऊन जळतं तेल वर फेकतं, थेट चिमणीत. गॅस बंद, कढईवर झाकण किंवा मोठं ताट सरकवून ठेवायचं, चिमणी बंद. कढई उचलून बाहेर पळायचं नाही. झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही, लगेच उघडलं की परत भडकतं. आग चिमणीत शिरलीय असं वाटलं तर एमसीबी पाडा, घर रिकामं करा, १०१ किंवा ११२ लावा. फॉल्स सीलिंगला धग जाणवत असेल तर विझली असं मानू नका, त्यांना उघडून बघू द्या.

गजानन_परभणी
भाऊ, माझा पण एक बघा. तुम्ही एवढं लिहिलं म्हणून मी पण बाहेरून पाइपाचं तोंड बघितलं. आत गवत. कबुतरानं का साळुंकीनं घरटं केलंय. काढलं तर गवताला हाताला चिकटण्याइतकं तेल. बाहेरच्या बाजूला बारीक जाळी लावू का, मच्छरदाणीची?

डक्टवाला_संभाजीनगर
वाळकं गवत आणि तेल, यापेक्षा चांगलं जळण कुठे मिळणार! सगळं काढा, आत टॉर्च मारून उरलेलं पण बघा. मच्छरदाणीची जाळी मात्र नको, महिन्याभरात तेलानं बुजते आणि हवा अडते. अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी लावा, किंवा वरून पत्र्याची झाप असलेलं तोंड बसवा. चिमणी बंद असली की ती झाप पडते.

गजानन_परभणी
घरट्यात अंडी असती तर?

डक्टवाला_संभाजीनगर
मग पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूचं तळण बंद. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.